‘असा’ की ‘इतका’ : इंग्रजी विशेषणापूर्वीची एक छोटी निवड

मराठीत आपण म्हणतो, ‘आज इतका सुंदर दिवस आहे’. आणि आपण असेही म्हणतो, ‘आजचा दिवस इतका सुंदर आहे’. दोन्ही वाक्यांत ‘इतका’ हाच शब्द आला. पहिल्या वाक्यात ‘सुंदर’ हे विशेषण ‘दिवस’ या नामाच्या आधी उभे आहे, दुसऱ्यात नाम आधी येऊन गेले आहे व विशेषण मागे एकटे राहिले आहे. या फरकाची ‘इतका’ या शब्दास काही पर्वा नाही. इंग्रजीत मात्र याच ठिकाणी वाट फुटते. पहिल्या वाक्यासाठी ‘सच अ ब्युटिफुल डे’ म्हणावे लागते व दुसऱ्यासाठी ‘द डे इज सो ब्युटिफुल’. ‘सो ब्युटिफुल डे’ हे इंग्रजी नव्हे, आणि ‘द डे इज सच ब्युटिफुल’ हेही नव्हे. परंतु पेठांतील दुकानांच्या पत्रव्यवहारात, मुलांच्या निबंधांत आणि लग्नसमारंभानंतर पाठविलेल्या आभारपत्रांत ही दोन्ही रूपे सर्रास आढळतात. हे लिहिणाऱ्यांचे शब्दज्ञान कमी नसते. त्यांची मातृभाषा या ठिकाणी थांबून निवड करावयास सांगत नाही, म्हणून निवड करावयाची आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

आपल्या शालेय व्याकरणात ‘असा’, ‘असला’, ‘इतका’, ‘एवढा’ हे सर्व शब्द ‘सार्वनामिक विशेषणे’ या एकाच नावाखाली मांडलेले असतात. ‘हा’ या सर्वनामापासून ते सर्व निघाले, असे तेथे सांगितले जाते. हे सर्व शब्द नामाचे लिंग व वचन पाहून रूप बदलतात : इतका सुंदर हार, इतकी सुंदर साडी, इतके सुंदर घर. म्हणजे ‘इतका’ हा शब्द अर्थाने ‘सुंदर’ला मापतो, पण रूपाने ‘हार’शी बांधलेला असतो. विशेषण व नाम या दोघांनाही एकाच वेळी तो हाताशी धरतो. हिंदीतील ‘इतना सुंदर दिन’ व गुजरातीतील ‘आटलो सुंदर दिवस’ यांचीही तीच रीत. त्यामुळे घरात मराठी, हिंदी व गुजराती अशा तीन भाषा चालत असल्या, तरी या एका प्रश्नावर तिन्ही एकाच दिशेस ओढतात.

इंग्रजीने हे काम दोन शब्दांत वाटून दिले आहे. ‘सो’ गुणाचे माप सांगतो, आणि म्हणून त्याला गुणवाचक शब्द हवा असतो. ‘सच’ वस्तूचा प्रकार सांगतो, आणि म्हणून त्याला वस्तूचे नाव हवे असते. ‘सच’ या शब्दाची घडणच तशी आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘सो’चे जुने रूप आणि ‘रूप’ किंवा ‘सारखे’ अशा अर्थाचा दुसरा शब्द यांच्या जोडणीतून तयार झाला. उच्चार झिजत झिजत आजचा ‘सच’ उरला. त्याचा मूळ अर्थ ‘या रूपाचा’. संस्कृतातील ‘ईदृश’ या शब्दाचा अर्थही ‘यासारखा दिसणारा’ असाच आहे, आणि ‘एतावत्’ म्हणजे ‘इतके’ हा त्याहून निराळा, मापाचा शब्द आहे. ‘ईदृश’ आणि ‘एतावत्’ यांत जो भेद, तोच ‘सच’ आणि ‘सो’ यांत आहे. मराठीत ‘असा’ आणि ‘इतका’ यांतही तो आहे, पण व्यवहारात आपण तो सैल सोडला आहे. ‘असा सुंदर दिवस’ म्हटले काय आणि ‘इतका सुंदर दिवस’ म्हटले काय, आपल्या कानास दोन्ही चालतात.

तपासणीची रीत

यावरून एक साधी कसोटी हाती येते. लिहिलेल्या इंग्रजी वाक्यातील विशेषण बोटाने झाकावे आणि उरलेले वाचावे. ‘सच अ ब्युटिफुल डे’ यातील ‘ब्युटिफुल’ झाकले, तर ‘सच अ डे’ उरते. म्हणजे ‘असा दिवस’. त्यास अर्थ आहे. ‘सो ब्युटिफुल डे’ यातील ‘ब्युटिफुल’ झाकले, तर ‘सो डे’ उरते. मराठीत सांगावयाचे तर ‘इतक्या प्रमाणात दिवस’. त्यास अर्थ नाही. ‘सो’च्या पायाखालचे विशेषण काढून घेतले की तो कोसळतो, कारण तो नामावर उभाच राहू शकत नाही. उलट ‘द डे इज सच ब्युटिफुल’ यातील विशेषण झाकले, तर ‘द डे इज सच’ एवढेच उरते, आणि ‘सच’ला टेकण्यास पुढे कोणतेच नाम राहत नाही.

म्हणून विशेषण लिहून झाल्यावर त्याच्या पुढचा शब्द पाहावा. त्या विशेषणाने वर्णिलेले नाम पुढे येत असेल तर ‘सच’ लिहावे. विशेषणापाशीच वाक्य थांबत असेल, किंवा पुढे ‘दॅट’सारखा जोडशब्द येत असेल, तर ‘सो’ लिहावे. ‘सारी इज सो सॉफ्ट’, पण ‘सच अ सॉफ्ट सारी’. ‘द शॉप इज सो ओल्ड’, पण ‘सच ॲन ओल्ड शॉप’. विशेषण तेच, वस्तू तीच. बदलली ती केवळ जागा.

दुसरी अडचण त्या छोट्या ‘अ’ची. मराठीत त्यास समांतर असा शब्द नाही, आणि बोलताना इंग्रज माणूस ‘सच’ व ‘अ’ इतके जोडून उच्चारतो की आपल्या कानास एकच शब्द ऐकू येतो. म्हणून ऐकून शिकलेली मुले ‘सच ब्युटिफुल डे’ लिहितात. ‘सच’ योग्य, पण ‘अ’ गळालेला. तो केव्हा हवा आणि केव्हा नको, हे विशेषण ठरवीत नाही, नाम ठरविते. मोजता येणारी एकच वस्तू असेल तर ‘अ’ हवा : ‘सच अ ब्युटिफुल नेकलेस’. अनेक वस्तू असतील तर ‘अ’ नको : ‘सच ब्युटिफुल नेकलेसेस’. आणि नाम मुळात मोजता न येणारे असेल, तरीही ‘अ’ नको : ‘सच ब्युटिफुल ज्वेलरी’.

या तिसऱ्या वर्गात आपली विशेष फसगत होते, कारण आपण ज्यांना मोजतो अशा कित्येक वस्तू इंग्रजी मोजत नाही. मराठीत ‘एक बातमी’ आहे, ‘एक सल्ला’ आहे, ‘एक दागिना’ आहे. इंग्रजीत ‘न्यूज’, ‘ॲडव्हाइस’, ‘ज्वेलरी’, ‘फर्निचर’, ‘लगेज’ हे शब्द धान्याच्या राशीसारखे आहेत. त्यांपूर्वी ‘अ’ लागत नाही. त्यामुळे वाङ्‌निश्चयाची वार्ता कळताच आपण आनंदाने पाठवितो तो ‘सच अ गुड न्यूज’ हा मजकूर सदोष ठरतो. तेथे ‘सच गुड न्यूज’ हवे. हवामानाचेही तसेच. ‘सच अ फाइन डे’ म्हणावे, पण ‘सच फाइन वेदर’. दिवस मोजता येतो, हवा मोजता येत नाही. शंका वाटल्यास त्या नामापूर्वी ‘वन’ लावून पाहावा. ‘वन डे’ बसते. ‘वन वेदर’ बसत नाही.

‘अ’ लागणार असे ठरल्यावर तो ‘अ’ की ‘ॲन’, हे मात्र लगतच्या विशेषणाचा पहिला उच्चार ठरवितो. ‘सच ॲन ऑनेस्ट मॅन’, कारण ‘ऑनेस्ट’चा आरंभ स्वराने ऐकू येतो, आणि ‘सच अ यूजफुल थिंग’, कारण ‘यूजफुल’चा आरंभ ‘य’ने ऐकू येतो. अक्षर कोणते लिहिले आहे हे येथे पाहावयाचे नसते.

नियमाबाहेरचे चार शब्द

पुढे नाम असले तरी ‘सो’च लागतो, असे चार शब्द आहेत : ‘मेनी’, ‘मच’, ‘फ्यू’ आणि ‘लिटल’. ‘सो मेनी पीपल’ म्हणजे इतकी माणसे, ‘सो मच मनी’ म्हणजे इतका पैसा, ‘सो फ्यू शॉप्स’ म्हणजे इतकी थोडी दुकाने, ‘सो लिटल टाइम’ म्हणजे इतका थोडा वेळ. पुढे नाम आहे म्हणून ‘सच मेनी पीपल’ लिहिले तर ते चुकेल. यात नियमभंग काही नाही. हे चारही शब्द गुण सांगत नाहीत, संख्या किंवा परिमाण सांगतात. आणि माप हा ‘सो’चाच प्रांत आहे. ‘सो मेनी ब्युटिफुल सारीज’ यात साड्यांची संख्या अधिक आहे. ‘सच ब्युटिफुल सारीज’ यात साड्यांचे सौंदर्य अधिक आहे, मग त्या दोनच का असेनात.

या चौघांत ‘लिटल’ हा शब्द जपून वापरण्यासारखा आहे, कारण त्याचे अर्थ दोन आहेत : ‘थोडे’ आणि ‘लहान’. मोजता न येणाऱ्या वस्तूपूर्वी तो ‘थोडे’ असा अर्थ देतो व तेव्हा ‘सो’ घेतो : ‘सो लिटल सिल्क’, इतके थोडे रेशीम. मोजता येणाऱ्या वस्तूपूर्वी तो ‘लहान’ असा अर्थ देतो व तेव्हा ‘सच’ घेतो : ‘सच लिटल बॉक्सेस’, असे चिमुकले डबे. आता एखाद्या दुकानदारास पुरवठादाराकडे तक्रार करावयाची आहे की, ‘तुम्ही इतके थोडे डबे का पाठविले?’ त्याने ‘सच लिटल बॉक्सेस’ असे लिहिले, तर वाचणारा समजेल की डबे आकाराने लहान आले आहेत, आणि तो पुढच्या वेळी मोठे डबे धाडील. संख्या मात्र तेवढीच राहील. येथे ‘सो फ्यू बॉक्सेस’ हवे होते. डबे मोजता येतात, म्हणून थोडेपणासाठी ‘फ्यू’.

चूक आत कशी शिरते

ही गफलत तीन दारांनी आत येते. पहिले दार ‘व्हेरी’चे. शाळेत प्रथम शिकविला जातो तो ‘व्हेरी’. तो दोन्ही जागी बसतो : ‘अ व्हेरी ब्युटिफुल डे’ आणि ‘द डे इज व्हेरी ब्युटिफुल’. मराठीतील ‘फार’ही तसाच दोन्हीकडे बसतो, म्हणून त्याची सवय लवकर जडते. पुढे भावना अधिक उत्कट करावीशी वाटली की मूल ‘व्हेरी’ काढून त्या जागी ‘सो’ ठेवते. दुसऱ्या वाक्यात ते साधते. पहिल्या वाक्यात ‘अ सो ब्युटिफुल डे’ असे विचित्र रूप तयार होते. ‘सच’ शिकल्यावर त्यालाही हीच जागा मिळते व ‘अ सच ब्युटिफुल डे’ होते. ‘व्हेरी’ हा ‘अ’च्या मागे उभा राहतो, ‘सच’ हा ‘अ’च्या पुढे उभा राहतो. शब्द बदलला की रांगही बदलते, हे मुलास सांगावे लागते.

दुसरे दार परीक्षेचे. ‘टू’ काढून टाकून वाक्य ‘सो… दॅट’ने पुन्हा लिहा, हा प्रश्न आपल्या राज्यात शिकलेल्या बहुतेकांनी सोडविलेला असतो. ‘द बॉक्स इज टू हेवी टु लिफ्ट’ या वाक्याचे ‘द बॉक्स इज सो हेवी दॅट आय कॅनॉट लिफ्ट इट’ असे रूपांतर हातास वळण लागेपर्यंत गिरविले जाते. त्या सरावात विशेषण नेहमी ‘इज’च्या मागे एकटे असते, म्हणून ‘सो’ नेहमी बरोबर ठरतो. सवय अशी होते की ‘दॅट’ दिसला की ‘सो’ लिहावयाचा. मग ‘इट वॉज सो हेवी बॉक्स दॅट…’ असे वाक्य लिहिताना हात अडखळत नाही. वस्तुतः ‘सच… दॅट’ ही जोडीही तितकीच शिष्टसंमत आहे : ‘इट वॉज सच अ हेवी बॉक्स दॅट आय कुड नॉट लिफ्ट इट’. ‘दॅट’मुळे काही ठरत नाही, ठरते ते ‘हेवी’च्या पुढे ‘बॉक्स’ आहे की नाही यावर.

तिसरे दार भाषांतराचे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांचे इंग्रजी पोसले गेले. मराठी वाक्य घ्यावे आणि त्याचे इंग्रजी करावे, ही तिची पद्धत. पाठमाला मागे पडली तरी मनातल्या मनात तसे भाषांतर करण्याची आपली रीत गेलेली नाही, आणि त्या रीतीत ‘इतका’ शब्द आला की त्याच्यासमोर ‘सो’ लिहिला जातो. सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे कानावर इंग्रजी लवकर पडू लागले. पण घरी विचार ‘इतका सुंदर दिवस’ असाच होतो, म्हणून हे दार अद्याप उघडे आहे.

परीक्षेच्याच दुसऱ्या एका प्रश्नाचा येथे उपयोग करून घेता येतो. उद्गारार्थी वाक्याचे विधानार्थी वाक्य करा, हा तो प्रश्न. ‘वॉट अ ब्युटिफुल डे!’ आणि ‘हाउ ब्युटिफुल!’ हे दोन उद्गार मुलांना सहसा चुकत नाहीत. ‘हाउ ब्युटिफुल डे’ असे क्वचितच कोणी म्हणते. तर ‘वॉट’ जेथे येतो तेथे ‘सच’ येतो, आणि ‘हाउ’ जेथे येतो तेथे ‘सो’ येतो. ‘वॉट अ डे’ तसे ‘सच अ डे’. ‘वॉट लव्हली फ्लॉवर्स’ तसे ‘सच लव्हली फ्लॉवर्स’. ‘हाउ मेनी’ तसे ‘सो मेनी’. ‘अ’ची जागासुद्धा जुळते. मनात आधी उद्गार काढावा आणि मग पहिला शब्द बदलावा, म्हणजे उत्तर आपोआप मिळते.

एक पत्र तपासून पाहू

आता हे सर्व एका पत्रावर लावून पाहू. पत्र काल्पनिक आहे. त्यातील वाक्यांची घडण मात्र नेहमीच्या पाहण्यातील आहे. लक्ष्मी रस्त्यावरील एका साड्यांच्या दुकानातून लंडनच्या एका दुकानदारास ते लिहिले आहे असे समजू.

पहिले वाक्य : ‘वी वेअर सो हॅपी टु रिसीव्ह युवर ऑर्डर’. ‘हॅपी’च्या पुढे त्याने वर्णिलेले नाम नाही. ‘सो’ योग्य. पुढे चालू.

दुसरे : ‘वी डिड नॉट एक्स्पेक्ट सो बिग ऑर्डर’. ‘बिग’ झाकले की ‘सो ऑर्डर’ उरते. ऑर्डर एकच आहे व मोजता येते. म्हणून ‘सच अ बिग ऑर्डर’.

तिसरे : ‘थँक यू फॉर युवर सो काइंड वर्ड्स’. येथे केवळ ‘सो’च्या जागी ‘सच’ ठेवून भागत नाही. ‘युवर’, ‘माय’, ‘द’, ‘धिस’ यांच्या मागे ‘सच’ उभा राहत नाही. मराठीत ‘तुमचे इतके प्रेमळ शब्द’ हे सहज येते. इंग्रजीत दोहोंपैकी एक सोडावे लागते. ‘युवर व्हेरी काइंड वर्ड्स’ किंवा ‘सच काइंड वर्ड्स’. ‘माझा इतका चांगला मित्र’ यासाठी ‘माय सच गुड फ्रेंड’ न लिहिता ‘सच अ गुड फ्रेंड ऑफ माइन’ असे वळण घ्यावे लागते, ते याच कारणाने.

चौथे : ‘वी हॅव नेव्हर सीन सच अ गुड सिल्क इन सो शॉर्ट टाइम’. यात दोन ठिकाणे आहेत. ‘सिल्क’ हे कापडाच्या अर्थाने मोजता येत नाही, म्हणून ‘अ’ काढून ‘सच गुड सिल्क’ करावे. पुढे ‘शॉर्ट’ नंतर ‘टाइम’ हे नाम आहे, म्हणून ‘सच’ हवा. ‘टाइम’ हे नाम बहुधा मोजता न येणारे, म्हणूनच मघाशी ‘सो लिटल टाइम’ म्हटले. परंतु ‘अल्प काळ’, ‘दीर्घ काळ’ अशा एका कालखंडाविषयी बोलताना ते ‘अ’ घेते : ‘अ शॉर्ट टाइम’, ‘अ लाँग टाइम’. म्हणून ‘इन सच अ शॉर्ट टाइम’.

पाचवे : ‘यू विल फाइंड सच मेनी कलर्स इन धिस लॉट’. ‘मेनी’ हा चौघांपैकी एक. ‘सो मेनी कलर्स’.

सहावे : ‘द बॉर्डर इज सच डेलिकेट दॅट इट शुड ओन्ली बी ड्राय-क्लीन्ड’. ‘डेलिकेट’च्या पुढे नाम नाही, ‘दॅट’ आहे. ‘सो डेलिकेट’. ‘सच’च ठेवावयाचा असेल तर वाक्य फिरवावे : ‘इट हॅज सच अ डेलिकेट बॉर्डर दॅट…’.

सहापैकी पाच वाक्यांस हात लावावा लागला. प्रत्येक वेळी पाहिले ते तीनच गोष्टींकडे : विशेषणाच्या पुढे नाम आहे का, असल्यास ते एक आहे, अनेक आहे की न मोजता येणारे, आणि पुढील शब्द त्या चौघांपैकी आहे का.

एक जुनी, भारदस्त रचना

जुन्या ग्रंथांत, औपचारिक भाषणांत व शोकसंदेशांत एखाद्यास ‘सो ग्रेट अ लॉस’ असे शब्द भेटतील आणि वर सांगितलेल्या नियमाविषयी शंका येईल. येथे ‘सो’ आहे व पुढे नामही आहे. पण ‘अ’ कोठे आहे ते पाहावे. तो विशेषणाच्या मागे सरकला आहे. ‘सो’ने विशेषण आपल्याकडे ओढून घेतले, आणि ‘अ लॉस’ ही जोडी अलग राहिली. ही रचना शुद्ध आहे, परंतु भारदस्त आहे, आणि तिला मर्यादा आहे : मोजता येणारे एकवचनी नाम असेल तेव्हाच ती चालते. ‘सो ब्युटिफुल अ डे’ चालेल. ‘सो ब्युटिफुल डेज’ किंवा ‘सो फाइन वेदर’ चालणार नाही. नित्याच्या पत्रात ‘सच अ ग्रेट लॉस’ लिहिणेच बरे. दुःखाच्या पत्रात भाषेची चूक नजरेत भरू नये, एवढी सावधगिरी पुरे.

करारातील ‘सच’

लंडनच्या त्या दुकानदाराचे उत्तर आले, आणि सोबत त्याच्या अटींचा कागद आला, अशी कल्पना करू. त्यात एक अट आहे : एखादी साडी फाटलेली किंवा डाग पडलेली आढळल्यास खरेदीदार ‘सच डॅमेज्ड सारीज’ चौदा दिवसांत परत करू शकेल. आपला माणूस हे वाचतो व मनात मराठी करतो : ‘इतक्या खराब साड्या’. त्याचा समज असा होतो की साडी फारच खराब असेल तरच ती परत येईल. किरकोळ डागाची काळजी नको. तो सही करतो.

येथे ‘सच’चा अर्थ ‘इतक्या’ नाही. तो आहे ‘अशा’, आणि तोही ‘वर सांगितलेल्या’ या अर्थाने. आपल्या दस्तऐवजांतील ‘सदर’ किंवा ‘उपरोक्त’ या शब्दासारखा. वर काय सांगितले आहे? फाटलेली किंवा डाग पडलेली. डाग केवढा, ते सांगितलेले नाही. म्हणजे अंगठ्याएवढा डागही त्या शब्दांत बसू शकतो, आणि साडी परत येऊ शकते. कायद्याच्या व कराराच्या इंग्रजीत ‘सच’ हा शब्द बहुधा याच कामास असतो. तो मोजत नाही, मागे बोट दाखवितो.

रोजच्या पत्रातील ‘सच’ आणि करारातील ‘सच’ ओळखण्याची खूण अशी : मागील वाक्यात किंवा त्याच वाक्याच्या पूर्वार्धात त्या वस्तूचा उल्लेख आधी येऊन गेला असेल, आणि वाक्यात कौतुकाचा वा नवलाचा सूर नसेल, तर तो मागे बोट दाखविणारा ‘सच’ होय. तेथे ‘सच’ काढून त्या जागी ‘सदर’ वाचून पाहावे. अर्थ जुळल्यास तो तसाच घ्यावा. ‘सदर खराब साड्या’ असे वाचताच अट स्पष्ट होते, आणि सही करण्यापूर्वी डागाच्या आकाराविषयी एक ओळ वाढवून मागता येते.

खराबीचे प्रमाण त्या अटीत अभिप्रेत असते, तर इंग्रजी लिहिणाऱ्याने ‘सो’ वापरला असता : ‘सारीज सो डॅमेज्ड दॅट दे कॅनॉट बी सोल्ड’, विकता येणार नाहीत इतक्या खराब झालेल्या साड्या. मराठीत ‘अशा’ व ‘इतक्या’ यांची अदलाबदल आपण सहज करतो. त्या कागदावर मात्र ‘सच’च्या जागी ‘सो’ असता, तर किरकोळ डागाची साडी लंडनहून परत आली नसती.